नळाचा आकडा आणि मेम्ब्रेनची तब्येत

घरातल्या आरओच्या नळाखाली ग्लास धरायचा, त्यात टीडीएस मीटर बुडवायचा आणि आकडा शंभराच्या आत दिसला की निश्चिंत व्हायचं, अशी अनेक घरांत पद्धत आहे. पण त्या एका आकड्यावरून मेम्ब्रेन ठीक आहे की नाही हे कळत नाही. त्यासाठी दोन आकडे लागतात: मशीनमध्ये शिरणाऱ्या पाण्याचा आणि मेम्ब्रेनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा.

समजा, सोसायटीत बोअरचं पाणी येतं आणि त्याचा टीडीएस ६४० आहे. मेम्ब्रेनमधून आलेलं पाणी ४५ दाखवतं. म्हणजे ५९५ अडवले गेले, साधारण ९३ टक्के. उन्हाळ्यात बोअर खाली गेली, येणारं पाणी ९०० झालं आणि बाहेरचं ६३. आकडा वाढला म्हणून घरचे घाबरतात, पण अडवण्याचं प्रमाण अजूनही ९३ टक्केच आहे. मेम्ब्रेनमध्ये काही बिघडलेलं नाही, पाणी बदललं आहे.

बाहेरचं पाणी कुठून घेता हेही महत्त्वाचं. बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी आरओ न झालेलं थोडं पाणी शेवटी मिसळणारा व्हॉल्व्ह असतो. वरच्याच उदाहरणात मेम्ब्रेनचं पाणी ४५ असताना नळाला ११० आलं, तर साधारण ११ टक्के पाणी मेम्ब्रेनला वळसा घालून आलेलं असतं. म्हणून सर्व्हिसवाल्याला मेम्ब्रेनच्या हाउसिंगमधून निघणाऱ्या नळीचंच पाणी मोजायला सांगावं. मशीन रात्रभर बंद असेल तर क्षार मेम्ब्रेनमधून हळूहळू पलीकडे झिरपतात आणि सकाळचं पहिलं पाणी जास्त आकडा दाखवतं. मशीन काही मिनिटं चालू द्यावं, मगच नमुना घ्यावा.

आता तापमान. मीटर क्षार तोलत नाही. दोन खिळ्यांमधून वीज किती सहज वाहते ते तो पाहतो आणि त्याला ठरावीक गुणकाने गुणून टीडीएस सांगतो. पाणी गरम झालं की आयन जलद धावतात. वाहकता दर अंशाला साधारण २ टक्क्यांनी वाढते आणि २५ अंशांना ४५ असलेलं पाणी ३५ अंशांना ५४ दाखवू शकतं. मीटरमध्ये तापमान-भरपाई असेल, म्हणजे मीटरवर 'ATC' लिहिलेलं असेल, तर आतला छोटा संवेदक तापमान बघून आकडा २५ अंशांवर आणून दाखवतो. पण त्यालाही पाण्याइतकं तापायला किंवा निवायला वेळ लागतो. मीटर बुडवून अर्धा-एक मिनिट थांबल्याशिवाय आकडा लिहू नये. भरपाई नसलेल्या मीटरवरही दोन्ही नमुने एकाच तापमानाचे असतील, तर दोन्ही आकडे एकाच प्रमाणात चढतात आणि टक्केवारी जवळपास तीच राहते.

भरपाई फक्त मीटरची चूक काढते. गरम पाण्यात मेम्ब्रेनमधून खरोखरच थोडे जास्त क्षार निसटतात आणि ती वाढ खरीच असते. म्हणून मे महिन्याची नोंद डिसेंबरशी ताडू नये, मागच्या मे महिन्याशी ताडावी.

मीटरची मर्यादाही मोजमापात धरायला हवी. सोबतच्या कागदावर अचूकता 'पूर्ण पल्ल्याच्या २ टक्के' अशी लिहिलेली असेल आणि पल्ला १००० पर्यंतचा असेल, तर चूक दोन्ही बाजूंना २० असू शकते. तेव्हा ४५ म्हणजे २५ ते ६५ मधलं काहीही, आणि ९३ टक्के म्हणजे ९० ते ९६. एका महिन्यात दोन टक्क्यांचा फरक दिसला म्हणून मेम्ब्रेन बदलू नये. खिळ्यांवर चढलेला पांढरा थर आणि त्यांना चिकटलेले हवेचे बुडबुडे आकडा खाली ओढतात. मीटर हलवून बुडबुडे सोडवावेत आणि वापरानंतर खिळे स्वच्छ पाण्यात धुवावेत. जिवाणू, कीटकनाशकं आणि वीज न वाहणारे पदार्थ या मीटरला दिसतच नाहीत. पाण्यात साखर विरघळवली तरी आकडा जवळजवळ हलत नाही.

प्रमाण ९३ वरून ८४ वर आलं आणि तिथंच राहिलं, तर मात्र कारण शोधावं. घट एकदम झाली असेल, विशेषतः फिल्टर बदलल्यानंतर, तर मेम्ब्रेन नीट बसलेलं नाही किंवा ओ-रिंग फाटली आहे असा संशय आधी घ्यावा. हळूहळू झाली असेल तर स्टोरेजची टाकी भरू न देता मेम्ब्रेनच्या नळीखाली एक लिटरची बाटली भरायला किती वेळ लागतो ते मोजावं आणि जुन्या नोंदीशी ताडावं. वेळ वाढला असेल तर बहुधा मेम्ब्रेनवर क्षारांचा थर बसला आहे. वेळ उलट कमी झाला असेल, म्हणजे पाणी जास्त येतंय आणि क्षारही जास्त निसटताहेत, तर मेम्ब्रेनचा पातळ थर क्लोरीनने खराब झाल्याची शक्यता मोठी. बोअरच्या पाण्यात महापालिकेचं किंवा टँकरचं क्लोरीनयुक्त पाणी मिसळत असेल तर असं होतं. अशा वेळी नुसतं मेम्ब्रेन बदलू नये. आधी कार्बन फिल्टर बदलावा, नाहीतर नवं मेम्ब्रेनही त्याच क्लोरीनने खराब होईल.