साध्या घासण्यानेही त्वचेवर फोड का येतात? उत्तर आहे पेशीतल्या दोऱ्यांत

नवी चप्पल चावली की एखादा फोड कुणालाही येतो. पण काही मुलांना रांगायला लागल्यावर गुडघ्यांवर आणि चालायला लागल्यावर तळपायांवर पाण्याने भरलेले फोड येत राहतात. उन्हाळ्यात त्रास आणखी वाढतो. बघणाऱ्यांना हा संसर्ग वाटतो आणि मुलाला दूर ठेवलं जातं. हा आजार मात्र स्पर्शाने पसरत नाही, तो जनुकीय आहे. त्याचं नाव एपिडर्मोलिसिस बुलोसा सिम्प्लेक्स.

नेमकं तुटतं काय?

पेशीच्या आत प्रथिनांच्या दोऱ्यांचं जाळं असतं. या दोऱ्यांना इंटरमीजिएट फिलामेंट म्हणतात आणि त्यांची जाडी साधारण १० नॅनोमीटर असते. बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थरात केराटिन ५ आणि केराटिन १४ ही प्रथिनं एकमेकांना पीळ घालून हे दोरे बनवतात. त्यांच्यामुळे पेशी ताणली गेली तरी फाटत नाही.

आजाराच्या तीव्र प्रकारात बऱ्याचदा केराटिन १४ मधलं १२५ व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. जनुकाची दुसरी प्रत चांगली असूनही ती वाचवू शकत नाही, कारण प्रत्येक दोऱ्यात चांगलं आणि सदोष केराटिन मिसळतं. असा दोरा ताण सहन करत नाही. पेशी फाटतात आणि त्या पोकळीत द्रव साचून फोड तयार होतो.

निदान कसं होतं?

त्वचेचा छोटा तुकडा तपासला की चीर खालच्या थरातल्या पेशींच्या आतच गेलेली दिसते. जनुकीय चाचणीने खात्री होते. आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही. फोड पसरू नये म्हणून निर्जंतुक सुईने त्यातलं पाणी काढतात, वरची त्वचा मात्र तशीच ठेवतात.

हेच हृदयात घडलं तर?

याच कुटुंबातली लॅमिन नावाची प्रथिनं पेशीच्या केंद्रकाला आतून अस्तर देतात. या अस्तराला न्यूक्लिअर लॅमिना म्हणतात. लॅमिन ए आणि सी बनवणाऱ्या LMNA जनुकात दोष असेल, तर सतत आकुंचन पावणाऱ्या स्नायूंमधली केंद्रकं वेडीवाकडी होतात, कधी फाटतातही. अस्तर जनुकांच्या कामावरही नियंत्रण ठेवतं, त्यामुळे नुकसान फक्त ताणाचं नसतं.

एमरी-ड्रायफस या स्नायूविकाराचा एक प्रकार यातूनच होतो. कोपरं आणि घोटे आखडतात, स्नायू हळूहळू अशक्त होतात आणि हृदयातले विद्युत संदेश अडखळतात. काहींना तर हातापायांत फारसा अशक्तपणा नसतानाच हृदयाचे ठोके बिघडतात.

फोड निदान दिसतो तरी, हा दोष दिसत नाही. म्हणून घरात एकाला LMNA चा दोष सापडला, की इतर रक्ताच्या नातेवाइकांचीही जनुकीय चाचणी करतात. ज्यांच्यात दोष निघतो, त्यांचा ईसीजी त्रास नसतानाही ठरावीक काळाने काढला जातो.