शपथ, शिक्का आणि सही

अकरावी-बारावीला विज्ञान घेतलेल्या एका मुलीची जात पडताळणीची फाइल घेऊ. तिच्या वडिलांनी सगळ्या झेरॉक्सवर नोटरीचे शिक्के मारून आणले होते. त्यातले बहुतेक पैसे वाया गेले, आणि जिथे शपथ हवी होती तो कागद मात्र साध्या सहीचा निघाला.

शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, आधार यांच्या प्रतींना स्वयंसाक्षांकन पुरते. प्रतीवर ‘मूळ प्रतीप्रमाणे खरी प्रत’ असे लिहून नाव, तारीख आणि शाईची सही करायची. सही केलेल्या कागदाची पुन्हा झेरॉक्स काढली तर ते साक्षांकन राहत नाही. तपासणीच्या वेळी मूळ कागद मात्र सोबत हवाच. महाराष्ट्र शासनाने 9 मार्च 2015 च्या निर्णयाने, कायद्यात बंधन नसेल तिथे साक्षांकित प्रत आणि प्रतिज्ञापत्र मागणे थांबवून स्वयंसाक्षांकन व स्वयंघोषणापत्र आणले. म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात छापील स्वयंघोषणापत्र भरले की काम होते.

जात पडताळणीत तसे चालत नाही. तिथे वंशावळीचे नमुना 3 आणि अर्जदाराचे नमुना 17 ही दोन्ही प्रतिज्ञापत्रे नियमांतच आहेत. प्रतिज्ञापत्र म्हणजे शपथेवर सांगितलेली माहिती. ती खोटी निघाली तर खोट्या पुराव्याचा गुन्हा लागू शकतो. त्यामुळे घरी सही करून कागद कुणाच्या तरी हाती नोटरीकडे धाडणे, हे कितीही सर्रास चालत असले तरी चूकच. सही नोटरीसमोर व्हावी, ओळखपत्र दाखवावे, नोटरीच्या नोंदवहीतही सही करावी. तो नोंद क्रमांक कागदावर उतरलेला दिसायला हवा.

नोटरीचा शिक्का असला म्हणजे कागद प्रतिज्ञापत्र झाला, असे नाही. दुकानाची नोंदणी करताना घरमालकाचे संमतीपत्र मागतात. त्यावर नोटरी बहुधा एवढेच सांगतो, की ही सही याच माणसाने केली. मजकुराची शपथ त्यात नसते. कागद हातात आला की शेवटचा भाग वाचावा. ‘माझ्यासमोर शपथ घेतली’ असे असेल तर ते प्रतिज्ञापत्र. ‘माझ्यासमोर सही केली’ एवढेच असेल तर नोटरी केलेले घोषणापत्र.

मुद्रांकाबाबतही फसगत होते. ऑक्टोबर 2024 मध्ये प्रतिज्ञापत्राचे शुल्क शंभरावरून पाचशे रुपये झाले, पण जात, उत्पन्न, रहिवासी अशा दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना 2004 पासून माफी आहे. ती साध्या कागदावर चालतात. त्या वडिलांना पाचशेचा कागद घ्यायला लावणाऱ्या टंकलेखकाने हे सांगितले नव्हते.

वंशावळीत आजोबांचे नाव एका जागी चुकले, तर घरी पेनाने दुरुस्त करू नये. खाडाखोडीवर शपथ घेणाऱ्याची आणि नोटरीची, दोघांची लघुसही लागते. चूक मोठी असेल तर नवे प्रतिज्ञापत्रच करावे.