पाचशे लिटरचा माणूस

देशातल्या कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या दुसऱ्या टप्प्यात औषधशास्त्र शिकताना डिगॉक्सिनचं गणित समोर येतंच. सत्तर किलोच्या माणसाला शिरेतून 500 मायक्रोग्रॅम औषध दिलं. रक्तातल्या पातळीचा आलेख मागे वाढवून सुरुवातीच्या क्षणाला नेला, तर लिटरमागे साधारण 1 मायक्रोग्रॅम येतो. मात्रेला पातळीने भागलं की उत्तर 500 लिटर. त्या माणसाच्या अंगात पाणी मात्र जेमतेम 42 लिटर! भागाकार बरोबर आहे. चूक आहे ती हे उत्तर एखाद्या भांड्याचं माप समजण्यात. दहा लिटर पाण्यात कोळसा टाकून त्यात 10 मिलीग्रॅम रंग मिसळा. त्यातला 9.8 मिलीग्रॅम कोळशाला चिकटला आणि आपण फक्त पाणी तपासलं, तर हिशेबाने बादली 500 लिटरची ठरते. म्हणूनच या राशीला ‘आभासी’ वितरण-आकारमान म्हणतात.

शरीरातला कोळसा कोणता? ‘चरबी’ हे उत्तर सहज सुचतं, पण डिगॉक्सिन चरबीत फारसं शिरत नाही. म्हणूनच लठ्ठ माणसाची मात्रा एकूण वजनावर न काढता चरबीविरहित वजनावर काढतात. ते बसतं हृदयाच्या आणि हातापायांच्या स्नायूंमधल्या सोडियम-पोटॅशियम पंपावर. स्नायूंचा साठा मोठा, त्यामुळे तिथेच बहुतेक औषध अडकतं आणि प्लाझ्माच्या तीन लिटरांत जेमतेम 3 मायक्रोग्रॅम उरतात. वॉरफरिनचं याउलट आहे: ते रक्तातल्या अल्ब्युमिनलाच 99 टक्के चिकटतं, म्हणून त्याचं आकारमान दहा लिटरच्या आसपास. म्हणजे नुसतं चिकटणं पुरेसं नाही. रक्त आणि ऊती यांच्या ओढाताणीत कोण जिंकतं, यावर आकडा ठरतो.

यावर कुणी म्हणेल, ऊतीतलं औषध आपण मोजलेलंच नाही, मग हे सगळं अनुमानच की! पण विषबाधेत डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडांचे तुकडे शिरेतून दिले, की रक्तातलं एकूण डिगॉक्सिन कितीतरी पट वर जातं आणि रुग्ण मात्र सुधारतो. हे औषध बाहेरून आलेलं नसतं. तुकडे रक्तातलं मोकळं औषध पकडतात, तसतसं ऊतीतलं सुटून रक्तात येतं. उपचारानंतरची एकूण पातळी वाचून घाबरणारा डॉक्टर म्हणूनच फसतो. डायलिसिसने विष फारसं का निघत नाही, तेही यातच आलं: यंत्र रक्त धुतं, आणि रक्तात औषध एक टक्काही नसतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: आकडा काल्पनिक असेल तर वापरायचा कशाला? कारण पहिली मोठी मात्रा त्याच्यावरच ठरते, हवी ती पातळी गुणिले आकारमान. मात्र हा आकडा प्रत्येक रुग्णात तोच राहत नाही. मूत्रपिंडं निकामी झाली की ऊतींची पकड सैल होते, आकारमान घटतं, आणि नेहमीची सुरुवातीची मात्रा जड पडते. नमुना घेण्याची वेळही फसवू शकते: औषध ऊतींत पोचायला तास लागतात, म्हणून मात्रेनंतर सहा तासांच्या आत काढलेलं रक्त खोटी उंच पातळी दाखवतं. अहवालावर आकडा विषारी दिसतो, पण ते औषध अजून स्नायूंकडे निघालेलंच असतं.