गरम टायरची हवा सोडू नका!

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. माझ्या मित्राला कळंबहून पुण्याला जायचं होतं. कार रात्रभर अंगणात उभी होती आणि पहाटे पारा १५ अंशांवर होता. चारही टायरमध्ये हवा अगदी बरोबर, म्हणजे ३२ पीएसआय. मंचर, राजगुरुनगर मागे टाकून तो चाकणला पोहोचला आणि पेट्रोल भरता भरता म्हणाला, "जरा हवा पण बघून घ्या." मीटरनं दाखवलं ३७! "साहेब, हवा जास्त झालीय, टायर फुटंल," असं म्हणत पोऱ्यानं फुस्स करून हवा सोडली आणि काटा ३२ वर आणून ठेवला. मित्र खूश. पण खरी गडबड तिथंच झाली.

टायरमध्ये पाच पीएसआय हवा वाढली कुठून? कुणी भरली तर नव्हती. हवा तेवढीच होती, फक्त तापली होती. टायर फिरताना रस्त्याला टेकणारा भाग दबतो आणि वर गेला की परत फुगतो. हे सतत चालू राहिलं की रबर गरम होतं. त्यात ब्रेकची आणि रस्त्याची उष्णता मिसळते. टायरची जागा जवळपास तेवढीच राहते, त्यामुळे आतली हवा तापली की तिचा दाब वाढतो. अकरावीच्या फिजिक्समधला वायूंचा नियम तो हाच!

हिशोब करून बघू. मीटर दाखवतो तो दाब बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त आहे, एवढाच. आपल्या भागात बाहेरच्या हवेचा दाब साधारण १४ पीएसआय धरला, तर आतला खरा दाब ३२ अधिक १४, म्हणजे ४६. तापमानही केल्विनमध्ये घ्यायचं. १५ अंश म्हणजे २८८ आणि टायरमधली हवा तापून ४५ अंशांवर गेली तर ३१८. आता ४६ गुणिले ३१८ भागिले २८८, उत्तर येतं जवळपास ५१. त्यातून १४ वजा केले की ३७. मीटर खोटं बोलत नव्हता!

आता उलटा हिशोब. गरम टायरमध्ये ३२ ठेवून गाडी घरी आली. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा १५ अंशांवर तोच टायर भरतो फक्त २८ च्या आसपास. म्हणजे चार पीएसआय कमी. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त दबला की जास्त तापतो. हायवेवर भरधाव जाताना, त्यातही गाडी भरलेली असेल आणि ऊन असेल तर ही उष्णता टायरच्या आतले थर सैल करते. "उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटतो" हा सल्ला म्हणूनच उलटा पडतो. गरम झाल्यावर दाब वाढणार हे धरूनच कंपनीनं थंड टायरचा आकडा दिलेला असतो.

हा आकडा कारमध्ये बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर सापडतो, बाइकवर चेनकव्हरजवळ किंवा माहितीपुस्तिकेत. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा टायरला झेपणारी कमाल मर्यादा सांगतो, तो भरायचा आकडा नव्हे.

थंड टायर म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असलेली, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर सावकाश चाललेली. एका बाजूला ऊन लागत असेल तर त्या बाजूचे टायर जास्त दाखवतात, म्हणून सकाळी उन्हं यायच्या आधी बघणं उत्तम.

"पण आमच्याकडून पंप लांब आहे!" मग एक साधा मीटर घ्या आणि घरीच मोजा. समजा हवे ३२ आणि मीटर म्हणतोय २९, तर तीन कमी. पंपावर पोहोचेपर्यंत तोच टायर ३१ दाखवेल. तिथं ३२ वर थांबू नका, ३१ मध्ये तीन मिळवून ३४ करा. कमी होते तेवढेच भरायचे, बस्स. मीटरही शक्यतो तोच वापरा, कारण दोन मीटर एकच आकडा दाखवतीलच असं नाही.

माझ्या मित्राला दुसऱ्या दिवशी सकाळी डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा दिसला. नारायणगावपर्यंत गेल्यावर तो आपोआप विझला. "झालं ठीक," असं त्याला वाटलं. ठीक काही झालं नव्हतं, टायर फक्त तापला होता. सकाळी लागून नंतर विझणारा दिवा हवा कमी असल्याचंच सांगतो. त्या रात्री गाडी उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं चारही टायर मोजले. चारही २८!