पहाटे मेलेले मासे आणि दुपारचं ऊन

सोपाऱ्याहून निर्मळच्या रस्त्याला लागलं की डावी-उजवीकडे वाड्या सुरू होतात. नारळ, केळी, भाजीचे वाफे आणि मधूनमधून बावखलं. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, बावखल म्हणजे वाडीतलं छोटं तळं. जमिनीतले झरे आणि पावसाचं पाणी यांवर ते भरतं. पूर्वी त्यावर रहाट चालायचे आणि बागा शिंपल्या जायच्या. आता विहिरींवर मोटारी बसल्या, तेव्हा काही घरांनी बावखलात रोहू, कटला, मृगळ सोडायला सुरुवात केली आहे.

अशाच एका बावखलाची ही गोष्ट. माझ्या एका विद्यार्थिनीच्या अब्बांनी ते भाड्यानं घेतलं होतं. एप्रिलमध्ये एके दिवशी फजरनंतर ते पाण्याकडे गेले, तर मोठे मासे पोट वर करून तरंगत होते. आदल्या संध्याकाळी सगळं ठीक होतं. शेजारच्या वाडीवाल्याशी त्यांची बांधावरून कुरबुर चाललेली होती. त्यांच्या मनात लगेच आलं की रात्री कुणीतरी पाण्यात औषध टाकलं. मुलगी शाळेत रडवेली होऊन आली. संध्याकाळी तेही भेटायला आले.

“बाई, पाणी तपासून द्या. मला तक्रार करायची आहे,” ते म्हणाले.

“तक्रार उद्या करा भाईसाहेब,” मी म्हटलं. “आधी सांगा, लहान मासे मेले का?”

“नाही. एक-एक किलोचे गेले. बोटाएवढी पिल्लं फिरतायत. मरळ तर एकही मेला नाही.”

“आणि बेडूक?”

“ते ओरडतायत की.”

त्यांच्या या तीन उत्तरांतच निकाल होता. पण तो कळण्यासाठी आधी स्वयंपाकघरात जावं लागेल.

चुलीवर पातेलंभर पाणी ठेवा आणि बघत राहा. पाणी उकळायला अजून बराच वेळ असतो, तेव्हाच पातेल्याच्या तळाला आणि कडांना बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. ती वाफ नव्हे. ती पाण्यात विरघळलेली हवा आहे. पाणी तापलं तशी तिला आत राहायला जागा उरली नाही आणि ती बाहेर पडू लागली. गरम पाण्यात साखर जास्त विरघळते हे आपण रोज चहात पाहतो, म्हणून सगळंच तसं होत असेल असं वाटतं. वायूंचं उलट असतं. पाण्याच्या कणांनी ऑक्सिजनच्या कणांना अगदी सैल हातानं धरलेलं असतं. ऊब वाढली की सगळेच कण जोरानं हलू लागतात, ती सैल पकड सुटते आणि ऑक्सिजन पृष्ठभागावरून हवेत निघून जातो. उन्हात राहिलेली सोड्याची बाटली उघडल्यावर जास्त फसफसते, तेही याच कारणानं.

आता थोडे आकडे पाहू. गोड्या पाण्याचं तापमान २२ अंश असेल तर एका लिटरमध्ये साधारण ८.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. ३२ अंशांना तो ७.३ मिलिग्रॅमवर येतो. डिसेंबरची थंडी आणि एप्रिल-मेचं ऊन यांत आपल्या उथळ बावखलांचं पाणी साधारण याच दोन टोकांमध्ये फिरतं. रोहू-कटल्याला ५ मिलिग्रॅम मिळाले तर ते सुखात असतात, ३ च्या खाली त्यांना त्रास होऊ लागतो आणि १ च्या आसपास ते मरू लागतात.

हे ऐकून भाईसाहेबांनी बरोबर शंका काढली. “पण ७.३ म्हणजे पुष्कळच झाले की! मग मासे का मरावेत?”

खरं आहे. पाण्यात मावणारा ऑक्सिजन घटला तो सहाव्या हिश्शानं. एवढ्यानं मासा मरत नाही. मोठं कारण दुसरीकडे आहे. माशाचं रक्त आपल्यासारखं कायम एकाच उष्णतेचं नसतं. पाणी जितकं गरम, तितकं त्याचं शरीर गरम. पाणी दहा अंशांनी तापलं की त्याच्या शरीराचा कारभार सुमारे दुप्पट वेगानं चालतो आणि श्वासालाही दुप्पट ऑक्सिजन लागतो. पाण्यातलं हिरवं शेवाळ आणि तळाच्या चिखलात कुजणारा पाला यांचंही तसंच. म्हणजे उन्हाळ्यात घरातलं धान्य थोडं कमी होतं आणि खाणाऱ्यांची भूक मात्र दुप्पट होते.

तरीही मासे भर दुपारी मरत नाहीत, पहाटे मरतात. याचं उत्तर पाण्याच्या हिरव्या रंगात आहे. दिवसा उजेडात शेवाळ ऑक्सिजन तयार करतं, म्हणून दुपारी तीन-चार वाजता पाणी सर्वांत गरम असूनही त्यात ऑक्सिजन भरपूर असतो. सूर्य मावळला की कारखाना बंद. मग तेच शेवाळ, मासे आणि चिखल सगळे मिळून रात्रभर शिल्लक खात बसतात. सूर्य उगवायच्या थोडं आधी शिल्लक सर्वांत कमी असते. मासे तेव्हाच जातात.

आम्ही त्या रात्रीचा ढोबळ हिशेब कागदावर मांडला. बावखल ५ गुंठ्यांचं. डिसेंबरमध्ये पाणी सरासरी दीड मीटर होतं, म्हणजे सुमारे साडेसात लाख लिटर. मासे चारशे, वजन मिळून ३०० किलो. डिसेंबरमध्ये मासे लहान होते, पण तुलना सोपी व्हावी म्हणून वजन तेच धरलं. २२ अंशांना साडेसात लाख लिटरमध्ये साडेसहा किलो ऑक्सिजन मावतो. एक किलो मासळी तासाला दीडशे मिलिग्रॅम घेते असं धरलं, तर बारा तासांच्या रात्रीत माशांनी सुमारे अर्धा किलो वापरला. शेवाळ आणि चिखल यांचा वापर माशांच्या दुप्पट धरला, म्हणजे आणखी एक किलोच्या वर. पहाटे जवळपास पाच किलो उरला, म्हणजे लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅम. मासे मजेत.

आता एप्रिल. पाणी उतरून एक मीटरवर आलेलं, म्हणजे पाच लाख लिटर. ३२ अंशांना त्यात सुमारे ३.६ किलो ऑक्सिजन. सगळ्यांची भूक दुप्पट, म्हणून मासे १.१ किलो घेणार, शेवाळ आणि चिखल २.२ किलो. उरला ३०० ग्रॅम. लिटरमागे एक मिलिग्रॅमसुद्धा नाही.

हा हिशेब अगदी तंतोतंत नाही. हवेतून रात्री थोडा ऑक्सिजन पाण्यात उतरतो, आणि संध्याकाळी पाण्यात मावण्यापेक्षा थोडा जास्तही साठलेला असू शकतो. निर्मळच्या मोठ्या, उघड्या तळ्यावर वारा लागतो, लाटा उठतात, तिथे ही भर बरीच पडते. बावखल मात्र झाडांनी वेढलेलं असतं. झाडांच्या सावलीनं पाणी थंड राहतं हे चांगलं, पण वारा अडतो आणि पाला पाण्यात पडून कुजतो. त्यामुळे काठावरची झाडं ठेवावीत, पण पडलेला पाला जाळीनं काढत राहावा.

आता भाईसाहेबांच्या तीन उत्तरांकडे परत येऊ. ऑक्सिजन संपतो तेव्हा आधी मोठे मासे मरतात. लहान मासे पृष्ठभागालगतच्या पातळ थरातल्या पाण्यावर तग धरतात. मरळ वर येऊन थेट हवेतून श्वास घेतो, बेडकालाही हवा मिळते, म्हणून ते वाचतात. विष टाकलं असतं तर त्यानं लहान-मोठं पाहिलं नसतं, पिल्लं आणि बेडूकही गेले असते, आणि मरायला पहाटेचीच वेळ लागली नसती. भाईसाहेब बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “त्याला उगाच बोल लावला असता.”

माझ्या मते मेलेल्या माशांपेक्षा ही बाब मोठी होती.

पुढची पहाट आम्ही ठरवून साधली. साडेपाचला पाण्याजवळ गेलो. उरलेले मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते, आणि माणूस जवळ गेला तरी खाली जात नव्हते. गोगलगायी पाण्यातून काठावर चढल्या होत्या. हीच धोक्याची खूण. तिथे मी हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवला, तर पाणी मनगटाच्या थोडं वर आलं तेवढ्यातच पंजा दिसेनासा झाला. पाणी इतकं हिरवं म्हणजे रात्री ऑक्सिजन खाणारी तोंडं फार. कोपरापर्यंत पाणी येताना पंजा अंधुक होत गेला, तर हिरवटपणा बेताचा समजावा.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे खाद्य आणि शेणखत बंद. न खाल्लेलं खाद्य कुजतं, आणि खाल्लेलं पचवायलाही माशाला ऑक्सिजन लागतो. दुसरं, विहिरीचं थंड पाणी सोडावं, पण नळी पाण्यात बुडवून नव्हे. जमिनीखालच्या पाण्यात स्वतःचा ऑक्सिजन फार कमी असतो. ते उंचावरून, भोकं पाडलेल्या पत्र्यावरून किंवा फवाऱ्यानं पाडावं, म्हणजे पडता पडता हवा घेतं. विहिरीत पाणी नसेल तर बावखलाचंच पाणी पंपानं उचलून परत फवारावं. तिसरं, पंप मध्यरात्रीनंतर सुरू करून उजाडेपर्यंत चालवावा. अनेक जण ऊन दिसतं म्हणून दुपारी चालवतात. हिरव्या पाण्यात तेव्हा आधीच ऑक्सिजन भरपूर असतो, वीज वाया जाते.

कायमचा उपाय मात्र हिशेबातच आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी उतरू लागलं की मोठे मासे काढून विकावेत. ३०० किलोंचे १५० किलो केले की माशांचा वापर निम्मा होतो, आणि खाद्य कमी पडल्यानं शेवाळही आवरतं. खाद्य द्यायचंच तर सकाळी नऊ-दहानंतर, पाण्यात ऑक्सिजन वाढल्यावर द्यावं.

जूनच्या पहिल्या पावसात आणखी एकदा सावध राहावं. उन्हाळ्यात वरचं गरम पाणी हलकं होऊन वरच राहतं आणि तळाशी ऑक्सिजन नसलेलं थंड पाणी साचतं. पहिला जोरदार पाऊस वरचं पाणी थंड करतो, ते जड होऊन खाली जातं आणि तळाचं वर येतं. त्यात आभाळ दिवसभर झाकलेलं असेल तर शेवाळाचा कारखानाही बंद. गारवा आला म्हणून आपण निश्चिंत होतो आणि नेमके दुसऱ्या पहाटे मासे वर येतात.

भाईसाहेबांनी आता बावखलाच्या काठावर दोरीला थर्मामीटर बांधला आहे. पहाटे आणि दुपारी तीनला ते आकडा वहीत लिहितात. पहाटेचा आकडा ३० च्या वर राहिला की त्या रात्री पंप चालू. वीज त्यांच्याकडे गेली तर शेजारचा वाडीवाला आपल्या मोटारीची तार बांधावरून देतो.