मौन म्हणजे होकार? ग्रुपवर ‘हरकत नसेल तर फायनल’ लिहिण्याआधी हे वाचा

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री मेसेज येतो : ‘टाकी साफ करून घ्यायची आहे. दोन दिवसांत कोणाची हरकत नसेल तर फायनल करतो.’ खाली दोन अंगठे, एक नमस्कार, मग कोणाचा तरी गुड मॉर्निंगचा फोटो. बाकी शांतता. रविवारी पाणी बंद झालं की चौथ्या मजल्यावरून फोन येतो, ‘आम्हाला कोणी विचारलंच नाही!’ सचिव म्हणतात, ‘ग्रुपवर टाकलं होतं की.’ दोघंही खरं बोलत असतात. अडचण मेसेजमध्येच असते.

‘मौन हे संमतीचं लक्षण’ असं आपण सहज म्हणतो. पण मौन होकार कधी धरायचं आणि ते मेसेजमध्ये कसं लिहायचं, याची पद्धत जगात अनेक ठिकाणी ठरवून ठेवलेली आहे. तीच पद्धत २४ फ्लॅटच्या सोसायटीलाही लागू पडते.

गप्प राहिलं म्हणजे कायद्याने होकार झाला का?

नाही. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १८६२ चं आहे. इंग्लंडमधल्या ‘फेल्टहाऊस विरुद्ध बिंडली’ या खटल्यात काकांनी पुतण्याला घोड्याबद्दल पत्र लिहिलं होतं. तुझ्याकडून काही कळलं नाही तर घोडा ३० पौंड १५ शिलिंगला माझा झाला असं मी समजेन, असा त्याचा आशय होता. पुतण्याने उत्तर दिलं नाही. पुढे लिलाव करणाऱ्याने चुकून तो घोडा विकला आणि काका कोर्टात गेले. कोर्टाने सांगितलं की करारच झालेला नव्हता. ‘उत्तर दिलं नाहीस तर होकार धरीन’ अशी अट एकाने दुसऱ्यावर परस्पर लादता येत नाही.

म्हणजे मौनाला अर्थ येतो तो आधी सगळ्यांनी तसं ठरवलेलं असेल तर. सोसायटीत हा नियम एकदा सभेत मांडून इतिवृत्तात लिहून घेणं हे पहिलं काम. त्याशिवायचा मेसेज म्हणजे त्या काकांचं पत्रच.

मग हे कुठे चालतं?

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत. कोविडमुळे प्रत्यक्ष बैठका बंद झाल्या तेव्हा मार्च २०२० मध्ये आमसभेने एक तात्पुरती पद्धत ठरवली. ठरावाचा मसुदा सगळ्या देशांना पाठवायचा, किमान ७२ तासांची मुदत द्यायची आणि त्या वेळेत कोणीच आक्षेप घेतला नाही तर ठराव मंजूर समजायचा. एका देशाने जरी आक्षेप घेतला तरी ‘मौन तुटलं’.

हे मौन खरोखर तुटलंही. संयुक्त राष्ट्रांच्या ७५ व्या वर्षानिमित्तच्या जाहीरनाम्यातल्या ‘सामायिक भविष्या’बद्दलच्या शब्दांवर जून २०२० मध्ये ब्रिटन, अमेरिकेसह काही देशांनी आक्षेप घेतला. त्यात भारतही होता. ती भाषा चीनच्या राजकीय घोषणेशी जुळते, हे कारण होतं. शब्द बदलले गेले आणि जाहीरनामा सप्टेंबरमध्ये मंजूर झाला. एका आक्षेपामुळे सगळा जाहीरनामा बारगळला नाही, फक्त अडलेला भाग दुरुस्त झाला. ही पद्धत नीट चालते तेव्हा असंच होतं.

सॉफ्टवेअरच्या जगातही हेच आहे. अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या प्रकल्पांत जगभरचे स्वयंसेवक एकत्र काम करतात. तिथे ‘लेझी कन्सेन्सस’ नावाची पद्धत आहे : मी अमुक बदल करतोय, हरकत असेल तर सांगा. मुदत साधारण ७२ तास, म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या माणसांना तो मेसेज दिसायला वेळ मिळतो. कोडमधला बदल अडवायचा तर तांत्रिक कारण द्यावं लागतं. पण सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती अधिकृतपणे बाहेर काढायची असेल, तर मौन चालत नाही. तिथे किमान तीन स्पष्ट होकार लागतात, कारण ती लोकांनी डाउनलोड केली की परत घेता येत नाही.

कोणत्या गोष्टींना मौन पुरेसं नाही?

वरच्या उदाहरणातच उत्तर आहे. निर्णय फिरवता येतो का, हा पहिला प्रश्न. टाकी साफ करण्याची तारीख बदलता येते. पाडलेली भिंत परत उभी राहत नाही.

दुसरा प्रश्न, कायद्याने किंवा उपविधींनी वेगळी पद्धत सांगितली आहे का? सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. जे विषय सभेपुढेच यायला हवेत, ते ग्रुपवरच्या शांततेने मंजूर होत नाहीत. पुनर्विकासासारख्या विषयात तर सभा, कोरम आणि प्रत्यक्ष मत हेच लागतं.

तिसरा प्रश्न, ओझं एकाच माणसावर पडतंय का? ‘कोणी काही बोललं नाही तर गणपतीचा हिशेब ३०२ बघेल’ हा मौनाने होणारा निर्णय नाही. ज्याच्या गळ्यात काम पडतं, त्याचा तोंडी किंवा लेखी होकार हवाच.

तो मेसेज कुठे चुकला?

‘दोन दिवसांत’ म्हणजे कधीपर्यंत? मेसेज सोमवारी रात्री साडेआठला गेला असेल, तर कोणी बुधवारी रात्रीपर्यंत धरेल, कोणी मंगळवार संपेपर्यंत. मराठीत तर आणखी गोंधळ आहे. ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. ‘पुढच्या रविवारी’ म्हणजे काहींना येता रविवार, काहींना त्यानंतरचा. ‘रविवारी रात्री १२’ म्हणजे शनिवार संपतानाचे बारा की रविवार संपतानाचे, यावर दोन मतं होतातच. म्हणून वार, तारीख आणि वेळ तिन्ही लिहायचं आणि बारा टाळून रात्री ९ सारखी वेळ घ्यायची. फ्लॅटमालक न्यू जर्सीत असेल तर ‘भारतीय वेळ’ हे दोन शब्दही हवेत. मार्चच्या मध्यावर आपले रात्रीचे ९ म्हणजे तिथे सकाळचे साडेअकरा.

‘हरकत’ कुठे कळवायची हेही त्या मेसेजमध्ये नव्हतं. कोणी जिन्यात सांगितलं, कोणी वॉचमनकडे निरोप दिला, तर ती हरकत मोजायची का? आणि सगळ्यात मोठी चूक : निर्णय काय होणार तेच अर्धवट. खर्च किती, पाणी किती वेळ बंद, काहीच नाही. ज्याला प्रस्तावच कळला नाही, त्याच्या मौनाला काही अर्थ नसतो.

नीट मेसेज कसा असतो?

समजा, सोमवार ९ मार्च, रात्री ८.३० वाजता सचिवांनी हे लिहिलं :

> निर्णयासाठी : गच्चीवरची टाकी साफ करणे
> काय : रविवार १५ मार्च, सकाळी १० ते दुपारी ४ पाणी बंद. खर्च ९,६०० रुपये, म्हणजे प्रत्येक फ्लॅटला ४०० रुपये.
> हरकत असल्यास गुरुवार १२ मार्च, रात्री ९ पर्यंत (भारतीय वेळ) याच मेसेजला रिप्लाय करून कारणासह लिहा, किंवा सचिवांना फोन करा.
> त्या वेळेपर्यंत हरकत आली नाही, तर सभेत ठरल्याप्रमाणे सर्वांची संमती धरून काम दिलं जाईल.
> प्रत्येक फ्लॅटचं एक मत.

मुदत ७२ तासांहून थोडी जास्त आहे. शेवटची ओळ छोटी असली तरी महत्त्वाची. ग्रुपमध्ये ३१ जण असू शकतात, त्यात भाडेकरूही असतात आणि एकाच घरातले तिघंही. मोजायचे असतात ते २४ फ्लॅट.

मग पोहोचवण्याचं काम. पाठवलेल्या मेसेजवर बोट दाबून ‘इन्फो’ पाहिलं की कोणी वाचला आणि कोणाकडे फक्त पोहोचला ते दिसतं. ब्लू टिक बंद ठेवली असली तरी ग्रुपमध्ये ही माहिती दिसते. बुधवारी संध्याकाळी ही यादी पाहायची, न वाचलेल्यांना एक फोन करायचा आणि जे ग्रुपवर नाहीतच त्यांच्या दारावर नोटीस लावायची. ज्याच्यापर्यंत मेसेज गेलाच नाही, त्याचं मौन मोजता येत नाही.

हरकत आली तर?

समजा, मंगळवारी संध्याकाळी ४०१ मधून रिप्लाय आला, ‘रविवारी घरी साखरपुडा आहे, पाणी बंद नको.’ इथे मौन तुटलं. अंगठे किती आले याने आता फरक पडत नाही. सचिवांनी फोन करून अडचण समजून घ्यायची आणि नवा प्रस्ताव मांडायचा : मंगळवार १७ मार्च, सकाळी १०.३० ते ३.३०. पाडव्याच्या आधी काम होतंच.

पण जुना मेसेज एडिट करायचा नाही. एडिट तसंही पाठवल्यापासून १५ मिनिटांतच करता येतं, आणि ज्यांनी रविवार मान्य केला त्यांनी मंगळवार मान्य केलेला नाही. नवा मेसेज, नवी मुदत : शुक्रवार १३ मार्च, रात्री ९.

शुक्रवारी ९ वाजून गेले की आणखी एक मेसेज : ‘मुदत संपली. नव्या तारखेवर हरकत नाही. काम मंगळवारी.’ हा मेसेज बहुतेक जण विसरतात. मग निर्णय झाला की नाही यावरच आठवडाभर चर्चा चालते.

९ वाजून ४० मिनिटांनी हरकत आली तर?

निर्णय कायम. मुदतीचा अर्थच तो आहे. पण ‘घरी आजोबा आजारी आहेत, पाणी लागणारच’ असं कारण असेल आणि काम सुरू झालेलं नसेल, तर त्या घरासाठी दोन पिंपं भरून ठेवता येतात. वेळ उलटली म्हणून ऐकणं बंद होत नाही. फक्त सगळं काम आपोआप थांबत नाही.

आणि उत्तरात आलेला तो अंगठा? ‘वाचलं’ आणि ‘मान्य’ असे त्याचे दोन्ही अर्थ होतात. या पद्धतीत त्याचा वाद उरत नाही, कारण इथे मोजायच्या असतात त्या फक्त हरकती. एकेक होकार मोजायचाच असेल तर तो विषय मौनावर सोडण्यासारखा नाही. तिथे पोल घ्या, किंवा सरळ सभा बोलवा.