दोन संच, सहा भूमिका, पन्नास गुण

अकरावी-बारावीच्या वर्गात हवामानावर वादविवाद घ्यायचा ठरला की फळ्यावर बहुधा एकच ओळ येते : ‘हवामान बदलाला विकसित राष्ट्रेच जबाबदार आहेत’. ही ओळ टाळ्या मिळवून देते, पण त्यावर बोलणाऱ्या मुलाला काहीही ठरवावं लागत नाही. कोणाची नोकरी जाणार, कोणाचं वीजबिल वाढणार, कोणाची जमीन जाणार, यातला एकही प्रश्न त्याच्यासमोर येत नाही. हवामान धोरण म्हणजे नेमके हेच प्रश्न. ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ या विषयाच्या तासिकांमध्ये हा घटक घेणाऱ्या शिक्षकाने म्हणून पहिला वेळ विषयाच्या शब्दरचनेवर खर्च करावा. विषय असा हवा, की ज्यावर एखाद्या सरकारी समितीला खरोखर निर्णय देता येईल.

मी सुचवेन तो विषय असा : ‘चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्रातले २१० मेगावॅटचे दोन जुने संच २०३० अखेर कायमचे बंद करावेत.’ या केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. त्यात ५०० मेगावॅटचे पाच संच आणि १९८०च्या दशकातले २१० मेगावॅटचे दोन संच येतात. त्याच क्षमतेचे सर्वांत पहिले दोन संच याआधीच बंद झाले आहेत, त्यामुळे ही मागणी मुलांना हवेतली वाटत नाही. शिवाय ४२० मेगावॅट हा आकडा वहीत गणित करण्याएवढा लहान आहे.

विषय मांडतानाच एक कुंपण घालावं लागतं. पृथ्वी माणसामुळे तापते आहे की नाही, यावर हा वाद नाही. आयपीसीसीच्या २०२१च्या अहवालाने मानवी प्रभावाबद्दल शंकेला जागा ठेवलेली नाही आणि वर्गात ‘दोन्ही बाजू’ हव्यात म्हणून ती शंका पुन्हा उकरणं ही मुलांची दिशाभूल आहे. वाद आहे तो उपायांचा, खर्चाचा आणि वेळेचा.

आता भूमिका. ‘अनुकूल’ आणि ‘प्रतिकूल’ अशा दोनच बाकांवर मुलं बसवली की निम्मी मुलं कोळशाची वकिली करतात, निम्मी झाडांची, आणि मधली सगळी माणसं नाहीशी होतात. त्याऐवजी सुनावणीचा साचा घ्यावा. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग वीजदराच्या प्रस्तावांवर जाहीर सुनावणी घेतो. तिथे वीज कंपनी बोलते, ग्राहकांचे प्रतिनिधी बोलतात, आणि आयोग कारणांसह आदेश देतो. वर्गातली समिती काल्पनिक असली तरी पद्धत हीच ठेवता येते.

सहा गट करावेत : महानिर्मितीचे नियोजन अधिकारी, केंद्रातले कंत्राटी कामगार, चंद्रपूरचे रहिवासी, वीजग्राहकांचे प्रतिनिधी, सौर प्रकल्पासाठी जमीन मागितली गेलेले शेतकरी, आणि देशाने दिलेली हवामानविषयक वचनं सांभाळणारा शासकीय विभाग. यातला कोणताही गट आपोआप एका बाजूचा होत नाही. रहिवाशांना धूर नको असतो, पण त्यांच्याच घरातलं कोणी केंद्रात कामाला असू शकतं. शेतकऱ्याला दिवसा वीज हवी असते आणि जमीनही द्यायची नसते. प्रत्येक गटाला एक कागद द्यावा, त्यावर तीनच गोष्टी : तुम्हाला काय मिळवायचं आहे, कशावर तडजोड चालेल, आणि कशावर मुळीच चालणार नाही.

कनिष्ठ महाविद्यालयाच्या वर्गात ऐंशी मुलं सहज असतात. सहा गटांत प्रत्येकी सहा, शिवाय समितीचे तीन सदस्य आणि नोंदी ठेवणारा एक, अशी चाळीस मुलं एका सुनावणीला पुरतात. उरलेली चाळीस दुसरी सुनावणी करतात, विषय तोच. एकूण आठ तासिका लागतात. चार तयारीच्या, आणि प्रत्येक सुनावणीला जोडतास, कारण सहा गटांची तीन-तीन मिनिटांची निवेदनं आणि त्यानंतरची उलटतपासणी एका तासिकेत गुदमरते. भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात, मात्र एक सवलत ठेवून : ज्या मुलाचे वडील खरोखर वीज केंद्रात किंवा खाणीत कामाला असतील, त्याला हवी ती भूमिका निवडू द्यावी. आपल्या घराचं दुखणं चाळीस जणांपुढे, गुणांसाठी मांडायला कोणाला लावू नये.

सगळ्यात जास्त मेहनत पुराव्यांच्या संचाला लागते. मुलांना ‘माहिती शोधून आणा’ म्हटलं की चाळीस घरांतून त्याच चार ओळी येतात. म्हणून कात्रणं, तक्ते आणि उतारे शिक्षकानेच निवडून द्यावेत. एका कागदावर एकच पुरावा, आणि खाली चार नोंदी : हे कोणी सांगितलं, कोणत्या वर्षीचं, नेमकं काय मोजलं, आणि यातून काय सिद्ध होत नाही. शेवटची नोंद मुलांनी स्वतः भरायची. केंद्रीय विद्युत प्राधिकरण, महानिर्मिती आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांची प्रकाशित कागदपत्रं पुरेशी आहेत. काही पुरावे सर्वांना समान द्यावेत, काही त्या-त्या गटापुरते. आणि प्रत्येक गटाच्या संचात त्याच्याच म्हणण्याला छेद देणारा एक कागद मुद्दाम घालावा.

समान पुराव्यांतला एक कागद इथे उलगडून पाहू. जुलै २०२५मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं, की देशाच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता आता बिगर-जीवाश्म स्रोतांची आहे. पॅरिस करारांतर्गत २०३०साठी दिलेलं वचन पाच वर्षं आधी पूर्ण झालं. हे खरं आहे. तरीही देशात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच आहे, हेही तितकंच खरं आहे. क्षमता म्हणजे यंत्र जास्तीत जास्त किती वीज देऊ शकतं ते. निर्मिती म्हणजे वर्षभरात त्याने खरोखर किती दिली ते. सौर पॅनेल रात्री थांबतं, कोळशाचा संच थांबत नाही.

हा फरक मुलांनी ऐकून सोडू नये, मांडून पाहावा. ४२० मेगावॅटचे संच वर्षभर सरासरी ६० टक्के भाराने चालले असं गृहीत धरलं, तर सुमारे २२० कोटी युनिट वीज मिळते. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर वर्षाला २२ लाख टन. तेवढीच वीज सौर प्रकल्पातून हवी असेल, आणि सौर प्रकल्प सरासरी २० टक्केच चालतो असं धरलं, तर क्षमता तिप्पट लागते : १२६० मेगावॅट. एका मेगावॅटला चार ते पाच एकर, म्हणजे पाच ते सव्वासहा हजार एकर जमीन. शेतकऱ्यांच्या गटाला आपण या खोलीत का बसलो आहोत, हे इथे कळतं. आणि नियोजन अधिकाऱ्यांना कळतं, की इतकं करूनही संध्याकाळी सातच्या मागणीचं काय, हा प्रश्न उरतोच. साठवणुकीचा खर्च मग वीजग्राहकांच्या दारात येतो. एका गणितातून चार गटांचे मुद्दे निघतात.

रहिवाशांच्या संचात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९मध्ये चंद्रपूरला देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत धरलं होतं, तो कागद हवा. त्याची मर्यादाही त्यांनीच लिहायची : प्रदूषणात खाणी, इतर कारखाने आणि वाहतूक यांचाही वाटा आहे, आणि हा कागद जुना आहे. कामगारांच्या संचासाठी दक्षिण आफ्रिकेतलं कोमाटी हे उदाहरण फार उपयोगी आहे. तिथलं जुनं कोळसा वीज केंद्र ऑक्टोबर २०२२मध्ये बंद झालं, जागतिक बँकेने जवळपास ५० कोटी डॉलरचं साहाय्य मंजूर केलं, तरीही पर्यायी रोजगार वेळेवर उभा राहिला नाही, म्हणून गावाने तक्रार केली. कामगार हा कागद ‘बंद करू नका’ म्हणून वापरतात. शासकीय विभाग तोच कागद ‘बंद करण्याआधी काय करा’ म्हणून वापरू शकतो. या संचातला हा माझा सर्वांत आवडता कागद आहे.

गुणदानाचा तक्ता मुलांना पहिल्याच दिवशी द्यावा, कारण मुलं तक्त्याप्रमाणे बोलतात. आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धांत आवाज, पाठांतर आणि सुभाषितांना भरभरून गुण मिळतात, म्हणून तीच सवय वादविवादात शिरते. इथे पन्नासपैकी भाषा आणि सादरीकरणाला पाचच ठेवावेत. पुराव्याच्या वापराला पंधरा, प्रतिसादाला पंधरा, भूमिकेशी प्रामाणिक राहण्याला दहा, आणि सुनावणीनंतर प्रत्येकाने वैयक्तिक लिहायच्या टिपणाला पाच.

पुराव्याच्या पंधरा गुणांच्या तीन पायऱ्या कराव्यात. आकडा आणि त्याचा स्रोत सांगितला तर पाच. आकडा काय मोजतो हे सांगितलं तर दहा. आपल्या विरुद्ध जाणारा कागदही पुढे ठेवून तरीही मुद्दा टिकवला तर पंधरा. प्रतिसादाचंही तसंच : तयार उत्तर वाचून दाखवलं तर पाच, समोरच्याचं म्हणणं आधी नीट मांडून मग उत्तर दिलं तर दहा, आणि त्यातला खरा भाग मान्य करून आपली मागणी सुधारली तर पंधरा.

समजा, रहिवासी गटातली मुलगी म्हणते, ‘देशात निम्मी वीज कोळशाविना तयार होते, मग हे संच कशाला?’ नियोजन अधिकारी उठून सांगतो, ‘तुम्ही म्हणता ती निम्मी क्षमता आहे. तयार होणारी वीज अजून सत्तर टक्क्यांहून अधिक कोळशाची आहे.’ मुलीला पुराव्याचे पाच, त्याला प्रतिसादाचे दहा. मग ती म्हणते, ‘मान्य. पण आम्ही सगळं केंद्र बंद करा म्हणत नाही. २९२०पैकी ४२० मेगावॅट, म्हणजे सातव्या हिश्श्याच्या आसपास. आणि संध्याकाळची सोय होईपर्यंत एक संच राखीव ठेवायलाही आमची हरकत नाही.’ इथे तिला प्रतिसादाचे पूर्ण पंधरा. चूक झाली म्हणून ती हरली नाही, हे वर्गाने तक्त्यात पाहायला हवं.

काय बिघडतं, हेही आधीच ओळखून ठेवावं. कोणी ‘झाडे लावा’वर आलं की चर्चा विषयावरून घसरली असं समजावं, समितीने लगेच विचारावं, ‘यामुळे संच बंद होतात की चालू राहतात?’ कामगारांची भूमिका करणारी मुलं गयावया करू लागली, तर त्यांचे कागद वाचून झालेले नाहीत. त्यांनी पुनर्नियुक्तीची मुदत, प्रशिक्षण, कंत्राटी आणि कायम कामगारांतला फरक यांवर बोलायला हवं. बघ्या मुलांनी दुसऱ्यांना गुण देऊ नयेत, कारण ते मित्रांना जातात. त्यांनी फक्त अनुत्तरित राहिलेले प्रश्न टिपावेत. शक्य असेल तर पहिल्या सुनावणीला दोन शिक्षकांनी स्वतंत्र गुण द्यावेत आणि पाचपेक्षा जास्त तफावत आली तर दुसऱ्या सुनावणीआधी पायऱ्यांचा अर्थ बोलून घ्यावा.

समितीला ‘हो’ किंवा ‘नाही’वर सुटू देऊ नये. तिने एका पानाचा आदेश लिहायचा : निर्णय काय, कोणत्या तीन पुराव्यांवर, कोणत्या गटाचं नुकसान होणार, आणि ते कोण भरून देणार. त्याच आदेशावर बाकीच्यांनी वैयक्तिक टिपण लिहायचं, आणि त्यात माझ्या भूमिकेविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा कोणता, हे नाव घेऊन सांगायचं. दोन्ही सुनावण्यांचे आदेश वेगळे आले तर ते शेजारी लावून कारणं कुठे फुटली ते शोधायला एक तासिका जास्तीची द्यावी. दर जूनमध्ये शिक्षकाने क्षमता, निर्मिती आणि संचांची सद्यःस्थिती हे तीन कागद बदलावेत. बाकीचा संच दोन-तीन वर्षं चालतो.